उषाताईंनी परत केलेलं पत्र

त्या दिवशी दवाखान्याच्या लिनन रूममध्ये आम्ही पाच जणं होतो. उषाताई, म्हणजे आमच्या सुपरवायझर, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलापाशी बसलेल्या. रुखसाना इस्तरीवर. धुलाईच्या मशीनवरचे रमेश भिया, आमच्या इंदुरात भैयाला भिया म्हणतात, चहाचा गिलास घेऊन दारात. ऑफिसातल्या पल्लवी मॅडम, पुण्याहून नोकरीला आलेल्या, माझ्या नातीहून थोड्याशाच मोठ्या. आणि मी, कलाबाई. उषाताईंच्या हातात मी दिलेलं पत्र होतं, त्यांच्या रिटायरमेंटचं, आभाराचं. त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाल्या, "कला, हे माझं नाही. चुकून माझ्याकडे आलं वाटतं."

उषाताई गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. त्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "कलामावशी, आई झोपेतच गेली." मी पोहे भिजवून ठेवले होते. गॅस बंद केला, साडी बदलली आणि निघाले. तिथे बायका रडत होत्या, मला रडू आलं नाही. मला आपली सारखी ती पत्राचीच गोष्ट आठवत होती, आणि अशा ठिकाणी हसू कसं आवरायचं ते कळेना. शेवटी परवा नातीला म्हटलं, सायली, मी सांगते, तू लिहून घे. मी तिसरी शिकले. सही करते, बसचा नंबर वाचते, दवाईचं नाव वाचते. बाकी सांगणं माझं, लिहिणं तिचं.

आधी कामावर कशी लागले ते सांगते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. यांची मिल बंद पडली, मग हे कधी हमाली, कधी चौकीदारी असं करत राहिले आणि मग एका थंडीत छातीचं दुखणं होऊन गेले. घरात सासूबाई आणि दोन लेकरं. मी चार घरची भांडी घासायची. एका घरच्या बाई पलासियाच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, त्या म्हणाल्या, आमच्याकडे कपड्याच्या खोलीत बाई पाहिजे, येतेस का. मी म्हटलं, कपडे तर जन्मभर धुतेय, त्यात काय. हे मी उषाताईंसमोर पण बोलले, पहिल्याच दिवशी. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी सगळे ताई म्हणायचे, मी पण म्हणायला लागले. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "धुवायला मशीन आहे. तुला बघायला ठेवलंय."

बघायला म्हणजे काय, ते मला त्याच दिवशी कळलं. वॉर्डातून मळक्या चादरींचं गाठोडं आलं, मी ते घरच्यासारखं कवटाळून उचललं. ताई ओरडल्या, "ठेव खाली." मी ठेवलं. मग त्यांनी जाड हातमोजे घातले, गाठोडं टेबलावर सोडलं आणि एकेक चादर कडेने उघडून दाखवली. न झटकता. झटकलं की जे काय लागलेलं असेल ते हवेत उडतं, आपल्याच नाकात जातं. तिसऱ्या की चौथ्या चादरीत इंजेक्शनची सुई निघाली. मी ते गाठोडं छातीशी धरलं होतं... ताईंनी सुई चिमट्याने उचलली, सुयांच्या डब्यात टाकली, आणि कुठल्या वॉर्डाचं गाठोडं ते बघून तिथल्या सिस्टरला फोन लावला. मला एवढंच म्हणाल्या, "गाठोडं म्हणजे लेकरू नाही, कडेवर घ्यायचं नाही. हात लांब, आणि आधी बघ." तेव्हापासून मी कधी, घरी पण, बघितल्याशिवाय कपडा पाण्यात टाकला नाही. लेकाच्या खिशातून पेनं, जावयाच्या खिशातून सुपारी, काय काय काढलंय.

दुसरं शिकवलं ते ऑपरेशनच्या चादरीचं. तिला मधे भोक असतं. पेशंटचं बाकी अंग झाकायचं आणि जिथे चिरायचं तेवढंच भोकातून दिसायचं. मला वाटलं, चादर ती चादर, चौकोनी घडी घाला नि ठेवा. ताईंनी माझी घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तू आता डॉक्टर. हात धुतलेत, मोजे घातलेत, कशाला शिवायचं नाहीये. उघड." मी उघडायला गेले तर एक टोक सुटून टेबलाच्या खाली लोंबलं. "झालं," ताई म्हणाल्या. "ती चादर बाद. दुसरी मागवा, पेशंट थांबलाय." मग त्यांनी दाखवलं. दोन्ही बाजूंनी पंख्यासारख्या चुण्या घालत मधे यायचं, भोक बरोबर वर येईल असं. कोपरे जरासे बाहेर दुमडायचे, म्हणजे डॉक्टरला धरायला जागा. पेशंटवर ठेवली की दोन्हीकडे आपोआप पसरते, कुठे लोंबत नाही. म्हणायच्या, "घडी आपण घालतो पण उघडतं दुसरं कुणी. त्याच्या हाताचा विचार कर." हे मी रोट्यांच्या डब्याला पण लावलंय. सायली हसते, पण तिच्या शाळेच्या डब्यात भाजी कधी उलटी निघाली नाही.

आणि तिसरी गोष्ट, ती तर मला घरातच कामाला आली. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्या अंथरुणाला लागल्या. चादर बदलायची म्हणजे दोघातिघांनी उचलायचं आणि त्या कण्हायच्या. मी ताईंना सांगितलं. त्यांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मला वॉर्डात नेलं आणि रुखसानाला रिकाम्या खाटेवर झोपवलं. रुखसाना म्हणे, "ताई, आज तो मेरे को पगार सोने का मिलेगा." ताई म्हणाल्या, "गप पड, तू बीमार है." मग तिला कुशीवर वळवलं, जुनी चादर लांबीने गुंडाळत तिच्या पाठीशी नेली. नवीन चादर अर्धी गुंडाळलेली त्याला लावून ठेवली. रुखसानाला त्या उंचवट्यावरून हळूच दुसऱ्या कुशीवर घेतलं. जुनी ओढून काढली, नवी पसरली. रुखसाना उठली पण नाही. "आणि आधी सांगायचं," ताई म्हणाल्या. "आई, आता तुम्हाला भिंतीकडे वळवते. न सांगता हात लावला तर माणूस दचकतं, अंग आखडतं, मग दुखतं." सासूबाई पुढे खूप दिवस जगल्या. मी एकटी त्यांची चादर बदलायची. त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. शेजारच्या बायका विचारायच्या, कुठे शिकलीस. मी म्हणायची, नोकरीत.

तर अशा उषाताई. पण त्यांची एक मोठी खोड होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. काम चुकलं की त्या सगळ्यांसमोर दाखवायच्या. एकदा पावसाळ्यात माझ्या गठ्ठ्यातल्या मधल्या दोन-तीन चादरी कच्च्या वाळलेल्या राहिल्या. वास येत होता. ताईंनी गठ्ठा उचलला आणि अख्खा जमिनीवर उधळला. वॉर्डबॉय, सिस्टर, मशीनवाले, सगळे उभे. म्हणाल्या, "या बघा, कलाबाईंच्या चादरी. पेशंटला पाठवायच्या का तुमच्या घरी?" मी वाकून एकेक गोळा केली. रडले नाही, मला ते येत नाही. पण त्या दिवशी डबा उघडला नाही. चादर वाळली की नाही ते दोन्ही हातांनी दाबून, गालाला लावून बघायची सवय मला त्यानंतरच लागली, हे खरं. पण पुढे कितीतरी दिवस शंका आली तरी मी ताईंना विचारायचं टाळायची, हे पण खरं.

आता पत्राकडे येते. मी ठेक्यावरची, मला रिटायरमेंट नाही, पण ताई रिटायर होणार म्हणून पल्लवी मॅडम आमच्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "काकू, समारंभ करायचाय. प्रत्येकाने ताईंना एक पत्र द्यायचं. आभाराचं, आणि त्यात फीडबॅक पण हवा." रमेश भियांनी विचारलं, "ये फीडबॅक क्या होता है मॅडम, मिठाई के साथ मिलता है?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "ताईंनी तुम्हाला काय शिकवलं, त्याचा काय उपयोग झाला, आणि काय अजून चांगलं होऊ शकलं असतं. ते."

मी घरी येऊन सायलीला सांगितलं. तिने फोनला सांगितलं, आणि फोनने पत्र लिहून दिलं, एवढं जल्दी की मी अजून पदर पण खोचला नव्हता. सुंदर होतं. तिने वाचून दाखवलं तर मला वाटलं, वा, हे तर लग्नपत्रिकेसारखं आहे. दुसऱ्या दिवशी कामावर ते ताईंना दिलं, आणि तेच त्यांनी मला परत दिलं.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या. "यात लिहिलंय, आपण आमच्या जीवनातील दीपस्तंभ आहात. कला, इंदूरला समुद्र कुठाय?"

रमेश भियांच्या नाकातून चहा आला.

"आपल्या मार्गदर्शनाने आम्हाला नवी दिशा मिळाली," ताई पुढे म्हणाल्या. "कुठली? हे पत्र बँकेच्या मॅनेजरला दे, शाळेच्या हेडमास्तरला दे, सगळ्यांना बसेल. असली चादर असते का आपल्याकडे, सगळ्या खाटांना बसणारी?"

"नसते," मी म्हटलं.

"मग परत घालून आण घडी."

मी पत्र पदरात घेतलं. पल्लवी मॅडमला वाईट वाटलं असेल, त्या माझ्या मागे जिन्यापर्यंत आल्या. पायरीवर बसल्या माझ्याशेजारी, चांगल्या कपड्यात. म्हणाल्या, "काकू, त्यांचं बरोबर आहे. माझंच चुकलं, मी नीट सांगितलं नाही. असं करा. एक प्रसंग सांगा. त्या दिवशी ताई काय म्हणाल्या, काय केलं. मग तुम्ही काय बदललंत. मग त्याने काय झालं. बस. चांगल्या शब्दांची गरज नाही." मग मी तिथेच सांगायला लागले आणि त्यांनी लिहून घेतलं. सुई, भोकाची चादर, सासूबाईंची पाठ. मॅडम मधे मधे विचारायच्या, "म्हणजे नक्की काय केलं? कुठल्या हाताने?" मी सांगत गेले आणि मलाच नवल वाटलं, माझ्या हातात एवढ्या त्यांच्या गोष्टी आहेत.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि काय अजून चांगलं झालं असतं?"

मी म्हटलं, रिटायर होणाऱ्या माणसाला आता काय सांगायचं... पण मॅडम म्हणाल्या, "नुसतं गोड लिहिलं तर गोडावरचा पण विश्वास जातो, काकू." मग मी म्हटलं, ताई फार रागीट आहेत, लिहा. मॅडमनी लिहिलं नाही. म्हणाल्या, "रागीट म्हटलं तर तो त्यांचा स्वभाव झाला, त्याचं त्या काय करणार? काय केलं ते सांगा. त्याने तुमचं काय झालं ते सांगा. आणि त्याऐवजी काय हवं होतं ते." तेव्हा मी उधळलेल्या गठ्ठ्याचं सांगितलं. ताई, तुम्ही माझा गठ्ठा सगळ्यांसमोर उधळलात. चूक माझी होती आणि ती मी पुन्हा केली नाही. पण पुढे मी तुम्हाला विचारायला घाबरले, आणि न विचारता केलेलं काम जास्त चुकतं. मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर मी तेवढंच शिकले असते आणि विचारलं पण असतं. एवढं.

पत्र झालं. मला हलकं वाटलं. मॅडम उठता उठता म्हणाल्या, "मस्त. समारंभात तुम्ही पुढे या, मी वाचून दाखवीन. सगळा स्टाफ असेल, मोठे डॉक्टर असतील, ताईंच्या घरचे पण येणारेत."

त्या रात्री मला झोप नव्हती असं नाही, झोप मला कुठेही लागते. पण सकाळी बसमध्ये बसले आणि अंगावर काटा आला. ताईंचा मुलगा, सून, नातू समोर. मोठे डॉक्टर समोर. आणि माझ्या पत्रात त्यांची चूक माइकवर. म्हणजे मी ताईंचा गठ्ठाच उधळणार. तोही शेवटच्या दिवशी, जेव्हा त्यांना पुन्हा नीट रचायला एक दिवस उरलेला नाही. आणि लिहिलंच नाही तर पत्र पुन्हा खोटं, पुन्हा सगळ्या खाटांना बसणारं. पलासियाच्या चौकात गर्दीत बस अडकली तोवर माझं ठरलं. मी पल्लवी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, "मॅडम, याची दोन पानं करा. शिकवलेलं एका पानावर, ते माइकवर वाचा. गठ्ठ्याचं दुसऱ्या पानावर. ते मी देईन. बाजूला घेऊन." मॅडमनी लगेच दुसरा कागद काढला. मग म्हणाल्या, "हे तर मला सुचायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही कुठे गठ्ठा गोळा केलाय.

समारंभाआधी मी ताईंना म्हटलं, "जरा लिनन रूममध्ये चला." त्या नवी पैठणी नेसल्या होत्या, केसात गजरा. दार लावलं आणि दुसरं पान हातात दिलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांचं माणूस, आज रागावून गेलं तर गेलं, मग कुठे भेटणार. ताईंनी उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग टेबलाला टेकल्या.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला असता," मी म्हटलं.

ताई अशा हसल्या की गजरा सुटला. डोळे पुसले पदराने, पैठणीच्याच. म्हणाल्या, "माझ्या सिस्टर होत्या नं, पहिल्या नोकरीतल्या, त्या माझे ट्रे उलटे करायच्या. मला वाटलं शिकवायचं म्हणजे असंच असतं." पानाची घडी घातली. "हे पत्र माझं आहे, कला." आणि ते पान त्यांनी ब्लाउजमध्ये ठेवलं, पैसे ठेवतात तसं.

पहिलं पान माइकवर वाचलं गेलं. सुईचं ऐकून मोठे डॉक्टर सरळ होऊन बसले. रुखसानाला झोपवल्याचं आलं तेव्हा ती मागून ओरडली, "पगार नहीं मिला था." ताईंचा मुलगा नंतर मला म्हणाला, आई रोज दवाखान्यात जायची हे माहीत होतं मावशी, पण तिथे काय करायची ते आज कळलं.

त्यानंतर त्या घरी बसल्या नाहीत. त्यांच्या कॉलनीत बायका-पोरींना, घरात आजारी माणूस असलेल्यांना, त्या खाटेवरची चादर बदलायला शिकवायच्या, फुकट. मी पण जायची, रविवारी, झोपायचं काम आता माझ्याकडे होतं. एकदा एका नव्या सुनेने झोपलेल्या मला इतकं जोरात ढकललं की मी खाटेवरून खालीच. सगळ्या हसल्या, ती पोर लाल झाली. मी बघत होते ताई काय करतात. ताईंनी आधी मला उठवलं, मग त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला स्वयंपाकघरात नेलं. दार पुढे केलं. आतून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. ती बाहेर आली ती हसत, आणि मला म्हणाली, "मावशी, आता तुम्हाला भिंतीकडे वळवते." माझी कंबर आठवडाभर दुखली, पण मी त्या दिवशी बसमध्ये एकटीच हसत आले.

गेल्या महिन्यात ताईंच्या सुनेने मला बोलावलं. म्हणाली, "मावशी, कपाट आवरतेय, या." मी गेले. ताईंच्या चादरी होत्या, कडेला कड लावून, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. सुनेने एक घडी घालून वर ठेवली. वाकडी होती. नातू शेजारी उभा होता, मोलकरीण होती. मी काही बोलले नाही. चहाला सून आत गेली तेव्हा तिच्या मागे गेले आणि हळूच दाखवलं. ती म्हणाली, "सासूबाई पण अशाच मागे यायच्या, शेवटी शेवटी. आधी नाही."

वाचणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. तुमच्या हाताखाली, घरात नाहीतर ऑफिसात, कुणी शिकत असेल आणि त्याचं चुकलं, तर सांगा, जरूर सांगा. पण बाजूला घेऊन सांगा.